कोलोनोस्कोपीच्या आधीचे दिवस: मिक्स इन्सुलिन, तिहेरी गोळी आणि रिकामं पोट

हिमोग्लोबिन ८.९ आलं आणि लोह कमी असल्याचं निघालं, तेव्हा आमच्या सेलूच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घ्यायला सांगितलं. साठी उलटलेल्या बाईला पाळी नाही, जखम नाही, तरी रक्त कमी होतंय, म्हणजे ते पोटातून कुठून जात नाही ना हे बघायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. तारीख छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात गुरुवारी सकाळी ९ ची मिळाली. दवाखान्याने पोट साफ करण्याच्या सूचनांचा छापील कागद दिला. त्यात काय खायचं, पावडर कधी प्यायची, सगळं होतं. शुगरबद्दल मात्र एकच ओळ होती: ‘तपासणीच्या दिवशी सकाळी मधुमेहाची औषधे घेऊ नयेत.’

माझ्यासारख्या रुग्णाला ही एक ओळ पुरत नाही. मला मधुमेह होऊन सतरा वर्षं झाली. सकाळी नाश्त्याआधी ३०/७० चं मिक्स इन्सुलिन २२ युनिट, रात्री जेवणाआधी १६ युनिट, आणि नाश्त्यानंतर एक गोळी. कागद घेऊन मी आधी सेलूला आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी इन्सुलिनचं विचारायच्या आधी गोळीची स्ट्रिप मागितली.

स्ट्रिपच्या पुढच्या बाजूला कंपनीचं नाव मोठं असतं, मागे बारीक अक्षरांत घटक असतात. माझ्या गोळीत तीन होते: डापाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन. डॉक्टरांनी पहिल्या नावाखाली पेनने रेघ मारली. ‘बाई, ही तपासणीच्या सकाळी बंद करून भागणार नाही. हिला पूर्ण तीन दिवस आधी थांबवायचं. रविवारी शेवटची घ्या. सोमवार, मंगळवार, बुधवार अजिबात नाही.’

कारण त्यांनी नीट समजावलं. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं ती औषधं लघवीवाटे साखर बाहेर काढतात. एरवी ते चांगलंच. पण पोट रिकामं, जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं आणि इन्सुलिनही कमी केलेलं, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. साखर फार वाढली की कीटोन वाढतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. या औषधावर असताना मीटर १६०-१८० दाखवत असला तरी आतून आम्ल वाढलेलं असू शकतं. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, धाप लागणं ही त्याची लक्षणं, आणि यातली निम्मी तर पावडर प्यायल्यावर कुणालाही होतात. म्हणून रुग्णही फसतो आणि घरचेही. ‘औषधच तसं आहे, होईल कमी,’ म्हणत रात्र काढली जाते.

हे औषध आता स्वस्त झालंय आणि दुहेरी-तिहेरी गोळ्यांत सर्रास असतं. कागदावर ‘मधुमेहाची गोळी’ एवढंच लिहिलं की ते त्या नावात दडून जातं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन यांपैकी कुठलंही नाव स्ट्रिपच्या मागे दिसलं तर कोलोनोस्कोपीची तारीख ठरवतानाच ते डॉक्टरांना दाखवावं, आदल्या दिवशी नव्हे. मी गोळी मोडून अर्धी घेऊ का म्हणून विचारलं होतं. मोडली तरी तिन्ही औषधं दोन्ही तुकड्यांत राहतात, वेगळी होत नाहीत. डॉक्टरांनी सोमवार-मंगळवारसाठी साधी मेटफॉर्मिन ५०० ची वेगळी गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. बुधवारपासून तीही बंद, कारण जुलाबाने पाणी कमी झालं की मूत्रपिंडावर ताण येतो आणि मेटफॉर्मिन बाहेर पडायला ते नीट चालावं लागतं. रक्त वाढायची लोहाची गोळी त्यांनी आठवडाभर आधीच थांबवली. तिने शौच काळं आणि चिकट होतं आणि दुर्बिणीतून आतड्याची भिंत दिसत नाही.

माझ्या भाचीचे सासरे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या दुहेरी गोळीवर आहेत, त्यांचीही तपासणी पुढे ठरायची होती, म्हणून मी तेही विचारून घेतलं. ग्लिमेपिराइड पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं, आणि एका गोळीचा परिणाम दिवसभर टिकतो. म्हणून ज्या दिवसापासून फक्त पातळ पदार्थ सुरू होतात त्या दिवशी सकाळीच ती घ्यायची नाही, आणि तपासणीच्या सकाळीही नाही. आदल्या सकाळी घेतली तर साखर रात्री कधीतरी घसरते, सगळे झोपलेले असताना.

सोमवारपासून चोथा नसलेलं जेवण. दवाखान्याचा कागद दोन दिवस म्हणत होता. जुना मधुमेह आणि बद्धकोष्ठता असली की आतडं सावकाश चालतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ते तीन दिवसांचं केलं. आमच्याकडचं रोजचं ताट घेतलं तर जवळजवळ सगळंच वर्ज्य: ज्वारीची भाकरी, मेथी-अंबाडी, शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी, मटकीची उसळ, टोमॅटो, पेरू, सीताफळ. तीळ-जवसासारखे बारीक दाणे आतड्याच्या घड्यांत अडकून राहतात आणि दुर्बिणीची पाणी ओढायची नळी तुंबवतात. घरात ‘उपास आहे’ म्हटलं की साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी पुढे येते, तीही चालत नाही. मी मऊ पांढरा भात, गाळलेलं वरणाचं पाणी, साल काढून उकडलेला बटाटा, बिया काढलेला दुधी, दही आणि अंड्यावर राहिले.

भाकरीच्या जागी पांढरा भात आला आणि साखर बाहेर काढणारी गोळीही बंद, त्यामुळे साखर वाढणार हे उघडच होतं. मंगळवारी दुपारी मीटर २४८ झाला. हात इन्सुलिनकडे जातो अशा वेळी. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, ‘दोन-तीन दिवस दोनशे-अडीचशे गेली तरी चालेल. डोस वाढवू नका. उद्या पोट रिकामं होणार आहे. ३०० च्या वर गेली किंवा उलटी सुरू झाली तर मात्र फोन करा.’ त्यामुळे मी २२ आणि १६ वरच थांबले.

मंगळवारीच रेल्वेने भाचीकडे संभाजीनगरला गेले. पावडर गावी पिऊन पहाटे प्रवास करायचा विचार कुणी करू नये. दुसरा डोस पहाटे असतो आणि रस्त्यात कुठे थांबणार? भाचीकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून तिने संडासातला ड्रम आणि दोन बादल्या बुधवारी दुपारीच भरून ठेवल्या. इन्सुलिनची बाटली, सिरिंज, मीटर, मोजायच्या पट्ट्या, ग्लुकोजची पावडर आणि लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्यांची डबी मी एकाच पिशवीत ठेवली होती. कीटोनच्या पट्ट्या मेडिकलमध्ये सहज मिळाल्या.

बुधवारचा हिशोब डॉक्टरांनी कागदावर लिहून दिला होता. मिक्स इन्सुलिनचं अवघड हे की त्यात दोन जातीचं इन्सुलिन एकाच बाटलीत असतं. तीस टक्के लवकर काम करणारं, त्याला लगेच अन्न लागतं. सत्तर टक्के सावकाश, ते चार ते बारा तासांच्या मध्ये जोर धरतं. पूर्ण डोस घेतला तर लवकरच्या भागाला खायला काही नाही, आणि अजिबात नाही घेतला तर सावकाशीचा आधार जातो, साखर आणि कीटोन दोन्ही चढतात. म्हणून दोन्ही वेळा निम्मं. सकाळी ८ ला ११ युनिट घेतलं आणि चटणी-सांबाराशिवाय दोन इडल्या खाल्ल्या. त्यानंतर फक्त पातळ. संध्याकाळचं १६ चं ८ झालं.

ज्यांचं इन्सुलिन वेगळं असतं त्यांचा हिशोबही वेगळा. रात्री एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं, म्हणजे ग्लार्जिनसारखं इन्सुलिन असेल तर ते सहसा पूर्ण बंद करत नाहीत, आदल्या रात्री साधारण पाचवा किंवा चौथा भाग कमी करतात. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन जेवणच नसल्यामुळे घ्यायचं नसतं. टाइप १ च्या रुग्णाने लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधीही स्वतः होऊन थांबवू नये. माझे आकडे माझ्या डोसचे आहेत, कुणी ते उचलून आपल्याला लावू नयेत. आपापल्या डॉक्टरांकडून असाच वेळ आणि युनिट लिहिलेला कागद मात्र घ्यावा.

दिवसभर शहाळ्याचं गाळलेलं पाणी, लिंबू सरबत, गाळलेलं चिकन सूप, कोरा चहा. दूध नाही. कोकम सरबत किंवा बिटाचा रस नाही, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. साखरेबद्दल डॉक्टरांचं सांगणं ऐकून भाचीला पटेना: ‘आज सरबतात साखर घालायची. अंगात इन्सुलिन आहे आणि पोटात अन्न नाही. दर दोन तासांनी तीन-चार चमचे साखर पोटात गेली पाहिजे. मीटर २०० च्या वर दिसला तर तेवढ्यापुरतं साधं पाणी प्या.’ मी दर तीन तासांनी मोजत होते. बोटाला साखर लागलेली असेल तर मीटर खोटा वाढीव आकडा दाखवतो, आणि त्या दिवशी हात सतत सरबतात असतात. म्हणून दर वेळी साबणाने हात धुऊन, पुसून, मगच टोचायचं. सकाळी १८६, दुपारी १५१, संध्याकाळी १४२.

पावडर पॉलिइथिलीन ग्लायकोलची, मोठं पाकीट, दोन लिटर साध्या पाण्यात. लिंबाची चव आणि किंचित गोडसर लागते, तरी तिने साखर वाढत नाही, कारण ती रक्तात शिरतच नाही. पाणी धरून आतड्यातून सरळ बाहेर पडते. त्यामुळे ‘मी दोन लिटर गोड प्यायले, आता साखर कशी उतरेल’ असा हिशोब करू नये. तिचं पोषण शून्य आहे. सहा वाजता सुरुवात केली, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, साडेसातच्या आत एक लिटर संपवलं. गार केलेली सोपी गेली. पहिलं शौच तासाभराने आलं आणि मग दहापर्यंत ये-जा. रोजच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या पावडरच्या आगेमागे तासभर घ्यायच्या नाहीत, नाहीतर त्या विरघळायच्या आत वाहून जातात. म्हणून बीपीची गोळी मी दुपारी घेतली.

आठ वाजता ८ युनिट, त्यावर सूप आणि सरबत. साडेनऊला मळमळायला लागलं. नेमक्या याच वेळेसाठी पट्ट्या आणल्या होत्या. साखर १२८. लघवीची पट्टी बुडवून डबीवरच्या रंगांशी लावून बघितली, अगदी फिकी गुलाबी छटा होती. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, उपाशी राहिल्यावर एवढी छटा कुणालाही येते. ती गडद होऊन जांभळ्याकडे गेली, उलट्या थांबेनात, किंवा श्वास जोरात चालायला लागला, तर साखर कितीही असो, पावडर बंद करून सरळ दवाखान्यात जायचं आणि ‘मी डापाग्लिफ्लोझिन घेत होते’ हे सांगायचं. गोळी बंद करून तीन दिवस झाले होते, म्हणून ते निवांत होते. एक ग्लास सरबत घोटघोट प्यायले, अकरापर्यंत मळमळ गेली.

पहाटे साडेतीनला साखर ९४. चारला उरलेला एक लिटर सुरू केला. दुसरा डोस पहाटे का, तर रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट द्रव उतरून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर थर बसतो. सगळी पावडर रात्रीच घेतली तर सकाळपर्यंत तो भाग पुन्हा मळतो. पाचला संपवली. पावणेसहाला हात थरथरायला लागले, मानेला घाम, डोकं हलकं. मीटर ६६. आदल्या रात्रीच्या आठ युनिटमधला सावकाशीचा भाग अजून चालू होता आणि पहाटे जवळजवळ दोन तास पोटात पावडरशिवाय काही गेलं नव्हतं.

भाची ग्लुकोज कालवायला गेली तर तिच्या सासूबाईंनी तिला अडवलं. ‘अहो, पोटात काही जाऊ द्यायचं नाही म्हणलंय ना! पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागंल.’ त्या मायेनेच बोलत होत्या, आणि ही समजूत घरोघरी आहे. कोलोनोस्कोपीचा उपास निर्जळी नसतो. पाण्यात विरघळलेली साखर हा पातळ पदार्थच आहे, आतड्यात तिचा कण उरत नाही. भुलीच्या औषधासाठी शेवटचे दोन तास पोट पूर्ण रिकामं हवं, आणि माझ्यासाठी ती वेळ सकाळी ७ ची होती. तीन चमचे ग्लुकोज, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या ग्लास पाण्यात घेतलं. बिस्किट, पेढा, दूध यातलं काही नाही, कारण त्याने मात्र तपासणी रद्द होते. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजली तर ७१. म्हणून आणखी तीन चमचे. साडेसहाच्या सुमारास ११० आली आणि थरथर गेली.

हेच सातनंतर झालं असतं तरी साखर उतरलेली ठेवून बसायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. थोड्या पाण्यात ग्लुकोज घ्यायचं, दवाखान्यात पोचताच किती वाजता किती घेतलं ते सांगायचं. फार तर वेळ पुढे ढकलतील, किंवा शिरेतून ग्लुकोज लावतील. एकटीने मात्र ही रात्र काढू नये. साखर उतरली की आपलंच डोकं चालत नाही, कालवून देणारं कुणीतरी जागं लागतं.

साडेसहापर्यंत शौच पिवळसर, पारदर्शक पाणी झालं होतं, तळाला काही कण नाहीत. हीच खूण बघायची. तपकिरी किंवा गढूळ येत असेल तर जाण्याआधी दवाखान्याला कळवावं, कधी कधी तिथे एनिमा देऊन काम भागतं. सकाळचं इन्सुलिन घेतलं नाही. दवाखान्यात साखर ११८ आली. नर्सला रात्रीचे ८ युनिट, पहाटेची ६६, आणि डापाग्लिफ्लोझिन सोमवारपासून बंद, असं तिन्ही सांगितलं आणि डॉक्टरांचा कागद दाखवला. सकाळचा पहिला नंबर मागून घेतला होता, आणि शुगरच्या रुग्णाने तो हट्टाने मागावा. अकरा-बाराचा नंबर असता तर उपाशी तास वाढले असते आणि हा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागला असता.

तपासणी अर्ध्या तासात झाली. झोपेच्या औषधामुळे मला फारसं आठवत नाही. आतडं स्वच्छ होतं असं सांगितलं. उजव्या बाजूला आठ मिलिमीटरचा एक कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला, तो तेव्हाच काढून बायोप्सीला पाठवला. उजवी बाजू म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, पहाटेच्या डोसाने धुतली जाते तीच.

परतीचा क्रमही कागदावर होता. सव्वाअकराला भाचीकडे दहीभात खाल्ला आणि त्याआधी सकाळच्या डोसाचं निम्मं, ११ युनिट घेतलं. राहिलेला पूर्ण २२ एकदम नाही, कारण रात्रीचा डोस काही तासांवरच होता. रात्री नेहमीसारखं जेवले तेव्हा १६. मेटफॉर्मिन शुक्रवारी नाश्त्यानंतर. तिहेरी गोळी मात्र शनिवारपर्यंत थांबवली, कारण दोन वेळचं जेवण आणि पाणी नीट पोटात जाऊन लघवी भरपूर व्हायला लागल्याशिवाय डापाग्लिफ्लोझिन सुरू करायचं नाही. तोंडाला चव नाही, जेवण अर्धंच जातंय असं असेल तर ती आणखी एखादा दिवस पुढे जाते. शुक्रवारी साखर २१० होती, शनिवारी गोळी सुरू केल्यावर रविवारी सकाळी १४६. लोहाची गोळी शुक्रवारपासूनच परत चालू केली. बायोप्सीत कर्करोग नाही असं आलं, आणि रक्त कशाने कमी होतंय याच्या पुढच्या तपासण्या आता सेलूचे डॉक्टर लावत आहेत.